जनावरांची तोंडं कुणीकडे?

मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास राज्यात तेनेहापा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले शेतकरी त्सेल्ताल ही माया कुळातली भाषा बोलतात. हा मुलूख दक्षिणेकडे उंच आणि उत्तरेकडे उतरता आहे. वस्तू कुठे आहे हे सांगताना त्सेल्ताल बोलणारा माणूस ‘चढाकडे’, ‘उताराकडे’ किंवा ‘आडव्या अंगाला’ असे शब्द वापरतो. डोंगरात चालताना यात काही नवल नाही. पण घरात सपाट टेबलावर बाटली आणि वाटी ठेवली, तरी तो बाटली वाटीच्या चढाकडे आहे असंच म्हणतो, म्हणजे दक्षिणेला. डाव्या आणि उजव्या हाताला त्याच्या भाषेत शब्द आहेत, पण ते हातांपुरते. ‘वाटीच्या डावीकडे’ म्हणायला ते उपयोगी पडत नाहीत.

असं बोलणारा माणूस विचारही वेगळा करत असेल का? भाषेचा विचारावर परिणाम होतो हे मत जुनं आहे आणि त्याच्याशी बेंजामिन ली व्होर्फ यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. व्होर्फ पेशाने आगविमा कंपनीतले तपासनीस होते, १९४१ साली वारले. त्यांनी अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेचं व्याकरण तपासलं आणि त्यावरून होपींची काळाची कल्पनाच निराळी आहे असा निष्कर्ष काढला. १९५३ साली एरिक लेनेबर्ग यांनी या युक्तिवादातली फट दाखवली. होपी वेगळा विचार करतात कशावरून? तर ते वेगळं बोलतात म्हणून. आणि ते वेगळं का बोलतात? तर वेगळा विचार करतात म्हणून. पुरावा भाषेचा आणि निष्कर्षही भाषेवरूनच, म्हणजे माणूस फिरून तिथेच येतो. यातून सुटायचं तर एका हाताने भाषा मोजायची आणि दुसऱ्या हाताने असं काहीतरी मोजायचं ज्यात माणसाला एक शब्दही बोलावा लागत नाही. मग दोन मापं जुळतात का ते पाहायचं.

असा बिनशब्दांचा प्रयोग रचणं दिसतं त्याहून फार अवघड आहे. तेनेहापात झालेल्या प्रयोगाची आणि त्यावर पुढे झालेल्या वादाची गोष्ट म्हणूनच नीट समजून घेण्यासारखी आहे.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेतले स्टीव्हन लेव्हिन्सन आणि पेनेलोपी ब्राउन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही चाचणी वापरली. साहित्य अगदी साधं : दोन टेबलं आणि खेळण्यातली काही जनावरं. समजा, एक बाई पूर्वेकडे तोंड करून पहिल्या टेबलापुढे उभी आहे. टेबलावर तीन जनावरं एका ओळीत, सगळी एकाच दिशेला तोंड करून ठेवली आहेत. ती तिच्या उजव्या हाताकडे चालली आहेत, म्हणजेच दक्षिणेकडे, म्हणजेच तिच्या भाषेत चढाकडे. तिला सांगतात, नीट बघून लक्षात ठेव. मग जनावरं उचलतात, अर्धा-पाऊण मिनिट जाऊ देतात आणि तिला मागे वळून दुसऱ्या टेबलाशी नेतात. आता तिचं तोंड पश्चिमेकडे आहे. तिच्या हातात जनावरं देतात आणि म्हणतात, मघाशी होती तशीच ठेव.

आता दोन उत्तरं शक्य आहेत. जनावरं ‘माझ्या उजवीकडे चालली होती’ असं तिने मनात धरलं असेल, तर ती पुन्हा तोंडं उजवीकडे करील आणि जनावरं उत्तरेला चालू लागतील. ‘दक्षिणेकडे चालली होती’ असं धरलं असेल, तर तोंडं दक्षिणेलाच राहतील, मात्र ती आता तिच्या डाव्या हाताला असतील. पहिल्या रीतीला अंगाची चौकट म्हणू आणि दुसरीला दिशेची चौकट. एकदा अंग वळलं की दोन्ही चौकटींची उत्तरं नेमकी उलटी येतात. चाचणीची सगळी गंमत या वळण्यात आहे. माणूस जागचा हललाच नाही तर दोन्ही चौकटी एकच उत्तर देतात आणि प्रयोगातून काहीच कळत नाही.

डच लोक जवळजवळ सगळे अंगाच्या चौकटीने गेले. त्सेल्ताल भाषकांतले बहुतेक दिशेच्या चौकटीने गेले. पुढे एरिक पीडरसन आणि इतर संशोधकांनी १९९८ साली अनेक भाषांमधले असेच निकाल एकत्र मांडले आणि ढोबळमानाने तेच चित्र दिसलं. ज्यांच्या बोलण्यात दिशा जास्त, त्यांच्या टेबलावरही दिशा जास्त.

हा निकाल वाचून उड्या मारण्याआधी चाचणीच्या सांध्यांकडे जवळून पाहायला हवं.

पहिला सांधा गुण देण्याचा. सहसा प्रत्येकाला पाच फेऱ्या देत आणि पाचांपैकी चार किंवा अधिक वेळा एकाच चौकटीने उत्तर आलं, तर तो माणूस त्या चौकटीचा धरत. निकष वाजवी वाटतो. आता समजा एखाद्याला काहीच आठवत नाही आणि तो प्रत्येक वेळी मनातल्या मनात नाणं उडवून तोंडं ठरवतो. पाच फेऱ्यांचे एकूण ३२ क्रम होऊ शकतात. त्यांतल्या ६ क्रमांत दिशेची उत्तरं चार किंवा पाच येतात आणि आणखी ६ क्रमांत अंगाची. म्हणजे ३२ पैकी १२ वेळा, सदतीस टक्क्यांहून जास्त, निव्वळ अंदाजाने ठेवणारा माणूसही ‘एका चौकटीचा पक्का’ ठरेल. म्हणून आज कुणी ही चाचणी रचत असेल तर पाच फेऱ्यांवर थांबू नये. दहा फेऱ्या घेतल्या आणि दहापैकी नऊ असा निकष लावला, तर अंदाजपंचे ठेवणारा पक्का ठरण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. त्याहून चांगलं म्हणजे माणसावर शिक्काच मारू नये. दहातली किती उत्तरं दिशेची आली तो आकडा तसाच ठेवावा.

त्याच जोडीला काही फेऱ्या न वळता घ्याव्यात : त्याच टेबलावर, त्याच बाजूला उभं राहून. या फेऱ्यांत चुकणाऱ्या माणसाला एकतर काय करायचं ते कळलेलं नाही किंवा आठवत नाही. वळल्यावरच्या त्याच्या उत्तरांतून चौकट शोधण्यात अर्थ नाही. पहिल्या टेबलावरची जनावरं काही फेऱ्यांत डावीकडे आणि काहींत उजवीकडे चालती ठेवावी लागतात, नाहीतर ‘मी नेहमी उजवीकडेच तोंडं करतो’ ही हाताची सवय चौकट म्हणून मोजली जाते. प्रयोग घेणाऱ्याने समोर नाही, मागे उभं राहावं, बोटाने दाखवू नये आणि सूचना देताना डावं-उजवं, पूर्व-पश्चिम यांतला एकही शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. हे सगळं किरकोळ वाटेल. पण प्रयोग बहुतेकदा अशाच जागी बिघडतात आणि बिघडल्याचं कागदावर कुठेच दिसत नाही.

दुसरा सांधा खोलीचा होता आणि तिथेच मोठा वाद पेटला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी २००२ साली हीच चाचणी इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांवर केली. भाषा तीच आणि माणसंही त्याच विद्यापीठातली. बदलली ती फक्त भोवतालची जागा. पडदे ओढलेल्या खोलीत विद्यार्थी अंगाच्या चौकटीने गेले. पडदे उघडे असताना, बाहेरचं दिसत असताना, त्यांतले काही दिशेकडे वळले. मग संशोधकांनी टेबलांच्या एका टोकाला खेळण्यातलं बदकांचं तळं ठेवलं. पुष्कळ विद्यार्थी या खुणेच्या आधाराने जनावरं मांडू लागले. तळं दिशेशी जुळवून ठेवलं तर उत्तरं दिशेची आली आणि अंगाशी जुळवून ठेवलं तर अंगाची. दोघींचं म्हणणं असं : तेनेहापाच्या शेतकऱ्याची चाचणी उघड्यावर, ओळखीच्या डोंगरासमोर होते आणि डच माणसाची बंद खोलीत. टेबलावर दिसणारा फरक भाषेतून आला की भोवतालातून, हे कसं ठरवणार?

लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. डच लोकांना त्यांनी बाहेर उघड्यावर नेलं, तरी ते अंगाच्या चौकटीलाच धरून राहिले. बदकांच्या बाबतीत त्यांचा आक्षेप फार नेमका होता आणि प्रयोग रचणाऱ्या कुणालाही तो पाठ असावा. विद्यार्थी ‘तोंडं दक्षिणेला’ असं लक्षात ठेवत नव्हते, ‘तोंडं बदकांकडे’ असं ठेवत होते. ही तिसरीच चौकट आहे, वस्तूची चौकट. पूर्ण मागे वळण्याच्या चाचणीत ती दिशेच्या चौकटीसारखी दिसते, कारण तळं दक्षिणेच्या टोकाला असेल तर बदकांकडे आणि दक्षिणेकडे ही उत्तरं एकच होतात.

मग या दोन चौकटी वेगळ्या कशा करायच्या? माणसाला अर्धं वळण देण्याऐवजी पाव वळण द्यायचं. समजा, पहिल्या टेबलाशी त्याचं तोंड उत्तरेला आहे, जनावरं त्याच्या उजवीकडे म्हणजे पूर्वेला चालली आहेत आणि बदकांचं तळंही पूर्वेच्या टोकाला आहे. आता त्याला पाव वळवून दुसऱ्या टेबलाशी पूर्वेकडे तोंड करून उभं करा आणि तळं त्याच्या डाव्या हाताला ठेवा. अंगाची चौकट म्हणेल, तोंडं उजवीकडे. दिशेची चौकट म्हणेल, तोंडं पूर्वेला, म्हणजे त्याच्यापासून सरळ पुढे. वस्तूची चौकट म्हणेल, तोंडं बदकांकडे, म्हणजे डावीकडे. तीन चौकटी आणि तीन वेगळी उत्तरं. एका लहानशा बदलाने चाचणीचं डोळस वजन कितीतरी वाढलं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : ज्या दोन स्पष्टीकरणांत निवड करायची आहे ती दोन्ही जिथे एकच उत्तर देतात, तिथे प्रयोग करून उपयोग नाही.

तिसरा सांधा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तो सूचनेत दडलेला आहे. ‘मघाशी होती तशीच ठेव.’ तशीच म्हणजे कशी? या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. दक्षिणेला तोंडं केली तरी तशीच आणि उजवीकडे केली तरी तशीच. वळून दुसऱ्या टेबलाशी गेलेल्या माणसापुढे एक कोडं असतं : या पाहुण्यांना नेमकं काय हवं आहे? मग तो आपल्याकडे ‘तसंच’ म्हटल्यावर सहसा जे समजतात त्याप्रमाणे वागतो. म्हणजे चाचणीने मोजली ती लोकांची सवय, त्यांचा कल. त्यांना दुसऱ्या रीतीने विचार करता येतो का, हे तिने मोजलंच नाही.

पेगी ली, लिंडा अबार्बनेल, लीला ग्लाइटमन आणि अॅना पापाफ्रागू यांनी २०११ साली याच जागी बोट ठेवलं. त्यांनी तेनेहापातल्याच लोकांना अशी कामं दिली ज्यांत उत्तर एकच बरोबर होतं. त्यांपैकी एकात माणूस फिरत्या खुर्चीवर बसतो, त्याच्या दोन्ही अंगांना डबे असतात आणि एका डब्यात नाणं लपवलेलं असतं. मग खुर्ची फिरवतात. एका प्रकारात डबे खुर्चीबरोबर फिरतात, म्हणजे नाणं शोधायला ‘माझ्या कोणत्या हाताला होतं’ हे आठवावं लागतं. दुसऱ्या प्रकारात डबे जमिनीवर जागच्या जागी राहतात, म्हणजे भोवतालाशी नातं आठवावं लागतं. भाषेनेच विचाराची चौकट घातली असेल तर पहिल्या प्रकारात त्सेल्ताल भाषकांनी चाचपडायला हवं. ते चाचपडले नाहीत. त्यांनी अंगाची कामं दिशेच्या कामांइतकीच चांगली केली आणि काही ठिकाणी अधिक चांगली. ‘झाडाच्या डावीकडे’ म्हणायला ज्यांच्याजवळ शब्द नाही त्यांना स्वतःचं डावं-उजवं उत्तम कळत होतं.

इथे वाद मिटायला हवा होता, पण त्याच वर्षी डॅनियल हाउन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी नामिबियातल्या हाइओम समाजाची मुलं आणि डच मुलं घेतली. हाइओम लोकांच्या बोलण्यात दिशांचा वापर भरपूर आहे. मुलांना आधी त्यांच्या कलाने मांडू दिलं, मग दुसऱ्या चौकटीने मांडायला स्पष्टपणे सांगितलं. दोन्हीकडची मुलं अडखळली. हाइओम मुलांना अंगाची चौकट आणि डच मुलांना दिशेची चौकट सांगूनही नीट जमेना. म्हणजे कल नुसता वरवरचा नव्हता, त्याला क्षमतेचीही काही बाजू होती. दोन्ही अभ्यास काळजीने केलेले आहेत. फरक असा की एकात प्रौढ होते आणि दुसऱ्यात मुलं, आणि कामंही निराळी होती. एका अभ्यासाच्या बळावर ‘भाषा विचार घडवते’ किंवा ‘भाषेचा विचाराशी काही संबंध नाही’ असं जाहीर करणारे मथळे छापणं या साहित्यावर अन्याय करणारं आहे.

हाउन यांच्याच गटाने २००६ साली आणखी एक सुंदर प्रयोग केला होता. त्यांनी महावानरांना आणि चार वर्षांच्या जर्मन मुलांना लपवलेल्या वस्तू शोधायला लावल्या. वानर आणि लहान मुलं दोघांचाही ओढा अंगाच्या चौकटीपेक्षा भोवतालाच्या चौकटीकडे दिसला. हे मोलाचं आहे, कारण त्याने प्रश्नाची दिशा उलटते. ‘त्सेल्ताल लोक दिशेने विचार का करतात’ यापेक्षा ‘डच प्रौढ अंगाने विचार करायला कधी आणि कसे लागतात’ हा प्रश्न अधिक रास्त ठरतो. भाषा आणि संस्कृती यांचं काम कदाचित या उपजत ओढ्यावर वेगळी सवय चढवण्याचं असावं.

आता उरतो सगळ्यांत चिवट अडसर. डच आणि त्सेल्ताल यांच्यात भाषा सोडून शंभर गोष्टी वेगळ्या आहेत : शाळा, वाचन-लेखन, घरांची ठेवण, डोंगर, शेती, रोजचं चालणं. साठ डच आणि साठ त्सेल्ताल माणसं घेतली तरी तुलना एकशेवीस माणसांची होत नाही, दोन समाजांची होते. माणसांची संख्या वाढवून हा दोष जात नाही. त्यावर उपाय म्हणजे भाषा तीच ठेवून बोलण्याची रीत जिथे बदलते अशी जागा शोधणं.

अशा जागा भारतात आहेत. एरिक पीडरसन यांनी तमिळ भाषकांत हा अभ्यास केला. खेड्यातले तमिळ लोक टेबलाएवढ्या जागेतल्या वस्तूंसाठीही पूर्व-पश्चिम वापरताना आढळले, तर शहरातले डावं-उजवं वापरताना. व्याकरण एक, शब्दकोश एक, वापर निराळा. रमेश मिश्र आणि पिएर दासाँ यांनी वाराणसीत संस्कृत पाठशाळांतली मुलं आणि हिंदी शाळांतली मुलं यांची तुलना केली. पाठशाळांतली मुलं दिशांमध्ये अधिक मुरलेली होती; डोळे बांधून, फिरवून, दुसऱ्या खोलीत नेल्यावरही त्यांतली बरीच दिशा अचूक दाखवत. पण पाठशाळेत केवळ भाषा निराळी नसते. संध्येला बसायचं कुठे तोंड करून, जेवायचं कुठे तोंड करून, याचा रोजचा आचार असतो. श्रेय भाषेला द्यायचं की आचाराला, हे या तुलनेतून सुटत नाही.

मराठीतही अशी जागा आहे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. शेतकरी विहीर उगवतीच्या बांधाला आहे आणि गोठा मावळतीच्या अंगाला आहे असं सहज म्हणतो. सदनिकेत वाढलेला माणूस त्याच मराठीत ‘लिफ्टमधून बाहेर पडलात की डावीकडचं दार’ म्हणतो. तेव्हा आजवरच्या वादातून शिकून मराठीत हा प्रयोग रचायचा झाला तर तो कसा असावा?

सुरुवात बोलण्याच्या मापाने. ‘खेड्यातले लोक दिशा वापरतात’ असं गृहीत धरायचं नाही, प्रत्येक माणसाचं बोलणं मोजायचं. त्यासाठी नायमेखनच्या संशोधकांनी वापरलेला जोडीचा खेळ अजूनही उत्तम आहे. दोन ओळखीची माणसं शेजारी-शेजारी एकाच दिशेला तोंड करून बसतात, मध्ये पडदा. दोघांपुढे सारख्याच बारा फोटोंचा संच : खेळण्यातला माणूस आणि झाड, कधी माणूस झाडाच्या या अंगाला, कधी त्या अंगाला, कधी झाडाकडे तोंड, कधी पाठ. एकाने फोटोचं वर्णन करायचं, दुसऱ्याने तोच फोटो शोधायचा. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि मागाहून त्यात दिशेचे शब्द किती, डाव्या-उजव्याचे किती आणि ‘झाडाकडे तोंड करून’ असे किती, हे मोजायचं. ही मोजणी अशा दोन जणांनी वेगवेगळी करावी ज्यांना टेबलाचे निकाल माहीत नाहीत. हा खेळ टेबलाच्या चाचणीनंतर आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी घ्यावा. आधी घेतला तर कानात ताजे असलेले शब्दच टेबलावर उतरतील.

मग टेबल. दहा फेऱ्या, पाव वळण, न वळता काही फेऱ्या, आणि प्रत्येकाची चाचणी एकदा घरात, एकदा अंगणात. निम्म्यांची आधी घरात, निम्म्यांची आधी अंगणात. टेबलं भिंतीला समांतर नसावीत, कारण मराठी मुलखातली पुष्कळ जुनी घरं पूर्व-पश्चिम बांधलेली असतात आणि भिंत स्वतःच दिशा सांगून टाकते. यानंतर एकच बरोबर उत्तर असलेली कामं : खुर्ची आणि डबे. ती हळूहळू अवघड करत जायची, दोन डब्यांवरून चार, पाव वळणावरून पाऊण. सोप्या कामात सगळेच पास होतात आणि फरक लपतो. फार अवघड कामात सगळेच नापास होतात आणि तरीही लपतो.

एक युक्ती रंगांच्या प्रयोगांतून उसनी घ्यावी. रशियन भाषेत फिकट आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत. २००७ साली जोनाथन विनावर, लेरा बोरोडित्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन निळ्या चौकोनांचे रंग या दोन शब्दांच्या सीमेच्या अल्याड-पल्याड असतील, तर रशियन भाषकांना त्यांतला फरक लवकर ओळखता येतो. इंग्रजी भाषकांत तसा लाभ दिसला नाही. मग त्यांनी त्या लोकांना ओळखण्याचं काम करतानाच मनात आकड्यांची मालिका घोळवायला लावली. लाभ नाहीसा झाला. त्याऐवजी चौकोनांची नक्षी लक्षात ठेवायला लावली तेव्हा लाभ टिकला. म्हणजे तो फरक पडत होता मनातल्या मनात शब्द वापरण्याने. टेबलावरही हेच करता येईल. काही फेऱ्यांत जनावरं पाहताना आणि वळून जाताना माणसाने आकडे पुटपुटत राहायचं, काही फेऱ्यांत नक्षी लक्षात ठेवायची. आकड्यांनी दिशेची उत्तरं घटली आणि नक्षीने घटली नाहीत, तर माणूस ‘उगवतीकडे, उगवतीकडे’ असं मनात म्हणत चालला होता असं समजावं. दोन्हींनी घटली तर आकडे पुटपुटणं नुसतंच लक्ष विचलित करत होतं. आणि काहीच घटलं नाही, तर ती दिशा शब्दांच्या आधाराशिवायही मनात टिकत होती.

खरी परीक्षा गटांच्या आत आहे. खेडं आणि शहर यांत फरक दिसला तर पुन्हा तोच शाळा-शेतीचा गुंता. पण एकाच गावातल्या, सारखंच शिकलेल्या, त्याच शिवारात राबणाऱ्या माणसांत ज्याच्या बोलण्यात दिशा जास्त, त्याच्याच टेबलावर त्या जास्त उतरतात का? उतरत नसतील तर भाषेचं स्पष्टीकरण बरंच लंगडं पडेल. उतरत असतील तरी आणखी एक शंका राहते : दिशेची मुळातच जाण असलेला माणूस दिशेचे शब्द अधिक वापरत असेल. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवायला काळ मध्ये यावा लागतो. शहरातल्या मुलांच्या दोन तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडायच्या. एकीला काही महिने खेळातून दिशेचे शब्द वापरायची सवय लावायची, दुसरीला तेवढ्याच वेळात, तेवढ्याच उत्साहाने दुसरं काही शिकवायचं, आणि आधी-नंतर दोघींचं टेबल पाहायचं. हे सगळ्यांत खर्चिक आणि कंटाळवाणं काम आहे. पण कारणाचा दावा करायचा असेल तर त्याला पर्याय नाही.

भाषाशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला हे साहित्य जमवणं जड नाही : दोन घडीची टेबलं, खेळण्यातली जनावरं, होकायंत्र, फोटोंचे दोन संच, एक फिरती खुर्ची. त्यांनी कामाला लागावं. फक्त पहिला माणूस टेबलाशी उभा राहण्याआधी एक कागद लिहून, तारीख घालून दुसऱ्या कुणाच्या हवाली करावा : किती माणसं घेणार, कोणतं उत्तर कोणत्या चौकटीचं धरणार, कोणत्या चुकांवर फेरी बाद करणार आणि कोणता निकाल आला तर आपलं म्हणणं चुकलं असं मानणार.